सोनेतारण कर्जाचा कागद कसा तपासावा: आधी वजन, मग कस, मग प्रमाण, शेवटी व्याज

सोनेतारण कर्जाचा कागद समोर आला की बहुतेक कर्जदार आधी रक्कम बघतात, मग व्याजदर विचारतात आणि सही करून मोकळे होतात. हा क्रम नेमका उलटा आहे. व्याज कर्जाच्या रकमेवर ठरते, रक्कम दागिन्यांच्या मूल्यावर ठरते, आणि मूल्य निव्वळ वजन व कस यांवर ठरते. त्यामुळे वजनाच्या रकान्यातली चूक खालच्या प्रत्येक रकान्यात उतरते, आणि खालचे गणित कितीही बिनचूक असले तरी उत्तर चुकलेलेच राहते. मी काही वर्षे तारण खात्याच्या टेबलावर काम केले आहे. तिथे आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक व्याजाबद्दल असत आणि त्यांचे मूळ बहुधा वजनाच्या किंवा योजनेच्या एखाद्या न वाचलेल्या ओळीत सापडे.

पुढची सगळी तपासणी एकाच उदाहरणावर केली आहे. एका बाईंना मुलीच्या शिक्षणासाठी ४,२०,००० रुपये हवे आहेत. पाटल्यांची जोडी, मंगळसूत्र आणि ठुशी असे तीन डाग त्या तारण ठेवत आहेत. वर्षभराने त्यांची मुदत ठेव पिकणार असल्याने मुद्दल आणि व्याज तेव्हा एकदम फेडायचे, असा त्यांचा बेत आहे. हा बेत लक्षात ठेवा, कारण शेवटी सगळा हिशेब त्यावरच अडतो.

## नियम कोणाला लागू आहेत

रिझर्व्ह बँकेने सोन्याचांदीच्या तारणावरील कर्जांचे नवे निर्देश ६ जून २०२५ रोजी काढले आणि ते अमलात आणण्यासाठी १ एप्रिल २०२६ ही शेवटची तारीख दिली. ते व्यापारी बँकांना, नागरी व जिल्हा सहकारी बँकांना आणि बिगरबँक वित्त कंपन्यांना लागू आहेत. पतसंस्था सहकार खात्याच्या देखरेखीखाली येतात आणि परवानाधारक सावकारांना महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होतो. तिथे तपासणीचा क्रम हाच ठेवावा, मात्र पुढे दिलेल्या टक्केवाऱ्या आणि भरपाई तिथे आपोआप मिळतील असे गृहीत धरू नये.

## टप्पा १ : घरातून निघण्यापूर्वी

प्रत्येक डाग ओळखीच्या सराफाकडे वेगवेगळा वजन करून घ्यावा आणि वजन ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून ठेवावे. प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढावा, त्यात कडी, फासा आणि आधीपासूनचा पोचा किंवा चीर स्पष्ट दिसली पाहिजे. दागिन्यावर सहा अक्षरे-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असल्यास तो टिपून घ्यावा. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये हा क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार आणि कस दिसतो. एचयूआयडी १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी सक्तीचा झाला, त्यामुळे आजीच्या पाटल्यांवर तो नसणारच. तेवढ्या कारणाने डाग तारणाला अपात्र ठरत नाही.

लाखेवर घडवलेले, दोऱ्यात ओवलेले आणि खडे-मोती जडवलेले दागिने यादीत वेगळे नोंदवावेत. वाद ठुशी, बोरमाळ, गोठ आणि नथ यांच्यावरूनच होतात, सरळ भरीव पाटल्यांवरून सहसा होत नाहीत.

## टप्पा २ : वजन

दागिन्यांची पारख कर्जदाराच्या समक्ष व्हावी, असा नियम आहे. ‘दागिने आत पाठवतो, तुम्ही बसा’ असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे. वजनकाट्यावर वैध मापन शास्त्र विभागाची पडताळणीची मुद्रा आहे का आणि रिकाम्या काट्यावर शून्य दिसते का, हे दोन्ही आधी पाहावे. मग एकेक डाग काट्यावर ठेवायला सांगावा आणि आकडा स्वतः वाचावा.

मूल्यांकनाच्या प्रमाणपत्रात प्रत्येक डागासमोर ढोबळ वजन, वजावट आणि निव्वळ वजन असे तीन आकडे हवेत, आणि वजावट कशाची हेही लिहिलेले हवे. आपल्या उदाहरणात ते असे येतात:

| डाग | ढोबळ वजन (ग्रॅम) | वजावट (ग्रॅम) | कशाची | निव्वळ वजन (ग्रॅम) | कस |
|---|---|---|---|---|---|
| पाटल्या, २ नग | ३०.२० | ०.०० | – | ३०.२० | २२ कॅरट |
| मंगळसूत्र, १ नग | २४.५० | ५.३० | काळे मणी, दोरा | १९.२० | २२ कॅरट |
| ठुशी, १ नग | १६.८० | ३.४० | लाख, दोरा | १३.४० | २० कॅरट |
| एकूण | ७१.५० | ८.७० | | ६२.८० | |

सर्वांत जास्त घोळ होतो तो सरसकट वजावटीने. काही ठिकाणी एकूण वजनातून दहा टक्के कापून मोकळे होतात. या उदाहरणात तसे केले तर वजावट ७.१५ ग्रॅम येते, म्हणजे खऱ्या वजावटीपेक्षा कमी, आणि कर्जदाराला आपला फायदाच झाला असे वाटते. आता हेच डागवार बघा. पाटल्यांत वजा करण्यासारखे काहीच नसताना त्यांचे वजन २७.१८ ग्रॅम लिहिले जाते, म्हणजे तीन ग्रॅम सोने कागदावरून नाहीसे होते. उलट मंगळसूत्राचे निव्वळ वजन २२.०५ ग्रॅम लागते, जे प्रत्यक्षात १९.२० आहे. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी दुसरा सराफ काळजीपूर्वक वजावट करतो आणि मंगळसूत्रातले जवळजवळ तीन ग्रॅम सोने घटल्यासारखे दिसते. तेव्हा कोण खरे आणि कोण खोटे, हे ठरवायला हातात काहीच नसते.

लाखेचे वजन डाग न फोडता अंदाजानेच धरावे लागते, हे मान्य करायला हवे. म्हणून ठुशीच्या ३.४० ग्रॅमवर वाद घालण्यापेक्षा तो आकडा ‘लाख व दोरा, अंदाजे’ असा डागासमोर लिहून घ्यावा आणि ढोबळ वजन अचूक आहे याची खात्री करावी. डाग सोडवताना काट्यावर ताडून बघता येते ते ढोबळ वजनच.

तपासा : नगांची संख्या बरोबर आहे का? मंगळसूत्राच्या वाट्या, कानातल्यांच्या फिरक्या, सुटी कडी यांचा उल्लेख आहे का? ‘हार, १ नग’ एवढ्यावर समाधान मानू नये, दागिन्याचे नेहमीचे नाव लिहून घ्यावे.

सावधान : आधीचा पोचा, तुटलेली कडी किंवा झीज प्रमाणपत्रात नोंदवणे आवश्यक असते. ही नोंद कर्जदारालाही उपयोगी पडते, कारण न नोंदवलेले नुकसान नंतर कोणाच्या ताब्यात असताना झाले हे सांगता येत नाही.

## टप्पा ३ : कस

कस कसोटीच्या दगडावर आणि आम्लाने तपासतात किंवा क्ष-किरण यंत्रावर. यंत्र झटपट आकडा देते, पण ते मुख्यतः पृष्ठभाग वाचते. नुकत्याच पॉलिश करून किंवा मुलामा देऊन आणलेल्या दागिन्याचा कस त्यात जास्त दिसू शकतो, आणि झाळ लागलेल्या जागी यंत्र धरले तर कमीही दिसतो. म्हणून एका दागिन्यावर निदान दोन जागी, त्यातली एक सांध्यापासून दूर, मोजणी करायला सांगावी. सांध्यात झाळ असते आणि तिचा कस मुळातच हलका असतो.

यंत्रावर आकडा हजारात दिसतो: २२ कॅरट म्हणजे ९१६, २० कॅरट म्हणजे ८३३, १८ कॅरट म्हणजे ७५०. प्रमाणपत्रात मात्र कस कॅरटमध्ये आणि डागवार असावा लागतो. ‘सर्व दागिने २० कॅरट’ अशी एकच ओळ असेल तर सही करू नये. आपल्या उदाहरणात २० कॅरटची फक्त ठुशी आहे. तिच्या पायी पाटल्या आणि मंगळसूत्रही २० कॅरटमध्ये धरले, तर त्यांचे ४९.४० ग्रॅम २२ कॅरटच्या हिशेबाने ४४.९१ ग्रॅम होतात. जवळजवळ साडेचार ग्रॅम सोने एका ओळीने गेले.

कस मान्य नसेल तर पुन्हा तपासणी मागावी, आणि तरीही पटले नाही तर सही न करता दागिने परत घ्यावेत. कर्ज वितरित होईपर्यंत ही वाट मोकळी असते, नंतर ती फार अवघड होते.

## टप्पा ४ : दर आणि मूल्य

येथे धरायचा दर सराफाच्या पाटीवरचा नसतो. त्या कसाच्या सोन्याचा मागील ३० दिवसांचा सरासरी बंद भाव आणि आदल्या दिवसाचा बंद भाव, या दोहोंपैकी जो कमी असेल तो धरावा लागतो. हे भाव इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन किंवा सेबीच्या नियंत्रणाखालील वायदे बाजार यांनी प्रसिद्ध केलेले असले पाहिजेत. घडणावळ, जीएसटी, खडे, मोती यांची किंमत धरली जात नाही. सोन्याचा भाव चढत असताना ३० दिवसांची सरासरी कमी भरते, त्यामुळे ‘आज भाव एवढा असताना तुम्ही कमी का धरला’ या भांडणात कर्जदाराची बाजू सहसा लंगडी पडते. विचारायचे ते एवढेच की दोन्ही भाव दाखवा आणि तारीख दाखवा.

हिशेब सोपा जावा म्हणून आपण २२ कॅरटची ३० दिवसांची सरासरी १०,००० रुपये ग्रॅम आणि आदल्या दिवसाचा भाव १०,२०० रुपये धरू. दर लागेल तो १०,००० रुपये. २० कॅरटचा भाव थेट उपलब्ध नसेल तर जवळच्या कसाचा भाव घेऊन वजन त्या प्रमाणात बदलायचे असते. म्हणून ठुशीचे १३.४० ग्रॅम २० ने गुणून २२ ने भागले की १२.१८ ग्रॅम मिळतात. त्यात ४९.४० मिळवले की ६१.५८ ग्रॅम, आणि त्यांचे मूल्य ६,१५,८०० रुपये.

तपासा : ढोबळ ७१.५० ग्रॅमला दराने गुणून कागदावरच्या मूल्याशी जुळते का ते बघा. जुळले तर वजावट आणि कस या दोन्ही पायऱ्या गाळल्या गेल्या आहेत. मूल्य फुगलेले असले की कर्ज जास्त मिळते, पण फेडताना किंवा लिलावात ते फुगलेले सोने उपयोगी पडत नाही.

## टप्पा ५ : मूल्याच्या किती टक्के कर्ज

कर्जाची रक्कम आणि सोन्याचे मूल्य यांच्या प्रमाणाला कागदावर बहुधा ‘एलटीव्ही’ म्हटलेले असते. घरगुती गरजेच्या कर्जासाठी या प्रमाणाच्या कमाल मर्यादा अशा आहेत: एकूण कर्ज २.५ लाखांपर्यंत असल्यास ८५ टक्के, २.५ लाखांहून जास्त ते ५ लाखांपर्यंत ८० टक्के, आणि ५ लाखांच्या वर ७५ टक्के. एका कर्जदाराची घरगुती गरजेची सगळी सोनेतारण कर्जे यात एकत्र धरायची असतात. शेती किंवा धंद्यासाठीच्या कर्जाला या टक्केवाऱ्या लागू होत नाहीत, म्हणून ‘कर्जाचा हेतू’ हा रकाना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. शाळेच्या फीसाठी घेतलेले कर्ज ‘कृषी’ म्हणून लिहिलेले मी पाहिले आहे, आणि ते कर्जदाराने सांगितलेले नव्हते.

आपले ४,२०,००० रुपये ६,१५,८०० च्या ६८.२ टक्के होतात. ८० च्या बरेच खाली, म्हणून बहुतेक जण इथेच तपासणी संपवतात. पण मुद्दल आणि व्याज दोन्ही मुदतीअखेर एकरकमी फेडायचे असेल, तर प्रमाण हातात मिळालेल्या रकमेवर काढून चालत नाही. ते मुदतीअखेर देय होणाऱ्या सगळ्या रकमेवर, म्हणजे व्याजासह काढायचे असते. शिवाय घरगुती गरजेच्या अशा एकरकमी कर्जाची मुदत १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणजे हा टप्पा व्याजाचा हिशेब केल्याशिवाय पूर्ण होत नाही. पेन्सिलने ‘६८.२, कच्चे’ असे लिहून पुढे चला.

## टप्पा ६ : व्याज

व्याजदराच्या आकड्यापेक्षा तो कोणत्या अटीवर आहे ते आधी वाचावे. बाईंना तोंडी ‘वर्षाला १२ टक्के’ सांगितले होते. योजनेच्या पत्रकात मात्र मूळ दर १८ टक्के होता आणि दर ३० दिवसांनी व्याज भरल्यास ६ टक्क्यांची सूट होती. ज्यांना वर्षाअखेर एकदम फेड करायची आहे, त्यांच्यासाठी १२ टक्के हा दर अस्तित्वातच नाही. अशा योजनांत सूट हुकली तर वरचा दर हुकलेल्या महिन्यापुरता लागतो की पहिल्या दिवसापासून, हे स्वतंत्रपणे विचारावे आणि उत्तर छापील कागदावर बोट ठेवून घ्यावे.

आता दोन्ही दरांनी हिशेब करू. १२ टक्क्यांनी वर्षाचे सरळ व्याज ५०,४०० रुपये, एकूण देणे ४,७०,४०० रुपये, आणि ते मूल्याच्या ७६.४ टक्के. १८ टक्क्यांनी व्याज ७५,६०० रुपये, एकूण देणे ४,९५,६०० रुपये, आणि प्रमाण ८०.५ टक्के. पहिल्या हिशेबात कर्ज मर्यादेत बसते, दुसऱ्यात मर्यादा ओलांडते. कागदावर ७६.४ लिहिले असेल आणि बाईंना १८ टक्के लागणार असतील, तर दोनपैकी एक आकडा चुकीचा आहे. उपाय दोनच: रक्कम थोडी कमी करणे, किंवा दरमहा सुमारे ४,२०० रुपये व्याज भरण्याची खरोखर तयारी ठेवून सवलतीचा दर घेणे. दुसरा मार्ग घेतला तर ते एकरकमी फेडीचे कर्ज राहत नाही, आणि तसे करारात लिहिलेले असले पाहिजे.

त्यानंतर दिवसांचा हिशेब. १२ टक्क्यांनी ४,२०,००० रुपयांवर एका दिवसाचे व्याज १३८.०८ रुपये होते. कर्ज ९५ दिवसांत फेडले तर ते १३,११८ रुपये भरते. ‘शेकडा एक, महिना किंवा महिन्याचा भाग’ असे लिहिलेले असेल, तर त्याच ९५ दिवसांचे चार महिने धरून १६,८०० रुपये मागितले जातात. दर तोच, पण फरक ३,६८२ रुपयांचा. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात अशा आकारणीवर आक्षेप घेतला आहे: जितके दिवस पैसे वापरले तितक्याच दिवसांचे व्याज, आणि तेही मंजुरीच्या तारखेपासून नव्हे, रक्कम प्रत्यक्ष दिल्याच्या तारखेपासून.

चक्रवाढीची भीती अनेकांना जास्त वाटते. ती तपासावी जरूर, पण १२ टक्क्यांनी मासिक चक्रवाढ लावली तरी वर्षाला ४,७३,२६७ रुपये होतात, म्हणजे सरळ व्याजापेक्षा २,८६७ रुपये जास्त. सूट हुकल्याने या बाईंना पडणारा भुर्दंड २५,२०० रुपयांचा आहे. डोळे कुठे लावायचे, ते या दोन आकड्यांवरून ठरवावे.

सावधान : उशीर झाल्यास लागणारा दंड ‘दंडात्मक शुल्क’ म्हणून वेगळा असला पाहिजे. तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्यावर पुढे व्याज चढवता येत नाही. १८ टक्क्यांच्या मूळ दरावर आणखी ‘दंडव्याज ३ टक्के’ अशी ओळ दिसली तर तिच्याखाली रेघ मारून विचारा.

तपासा : कराराच्या आधी ‘मुख्य तथ्य विवरण’, ज्याला शाखेत ‘केएफएस’ म्हणतात, ते मिळाले पाहिजे. त्यात सगळे शुल्क धरून काढलेला वार्षिक दर, म्हणजे एपीआर असतो. प्रक्रिया शुल्क व मूल्यांकन शुल्क मिळून २,९७८ रुपये आधीच कापले, तर हातात ४,१७,०२२ रुपयेच येतात आणि वर्षाअखेर ४,७०,४०० भरायचे तर खरा दर १२.८ टक्के पडतो. विवरणात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

## टप्पा ७ : सही, पाकीट आणि सोडवणूक

प्रमाणपत्र, करार आणि मुख्य तथ्य विवरण या तिन्ही कागदांवर कर्ज खाते क्रमांक, तारीख, रक्कम आणि दर एकच आहे का, हे शेजारी ठेवून पाहावे. कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत मागता येतात, तेव्हा मराठी प्रत मागायला संकोचू नये. प्रमाणपत्राची प्रत आणि दागिन्यांचे छायाचित्र त्याच वेळी ताब्यात घ्यावे. ‘उद्या व्हॉट्सअ‍ॅप करतो’ यावर विसंबू नये. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या नमुन्यावर सही करू नये आणि दागिन्यांचे पाकीट आपल्या समोर मोहोरबंद होईपर्यंत उठू नये.

सोडवताना पाकीट समोर उघडून घ्यावे, प्रत्येक डाग पुन्हा काट्यावर ठेवावा आणि प्रमाणपत्रातल्या ढोबळ वजनाशी ताडावा. फरक किंवा मोडतोड दिसली तर पोच लिहून देण्यापूर्वी ती त्याच पोचेवर नोंदवावी. सगळी बाकी भरल्यावर दागिने त्याच दिवशी, फार तर सात कामकाजी दिवसांत परत द्यावे लागतात. त्यापुढे कर्ज देणाऱ्याच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. म्हणून शेवटचा हप्ता भरल्याच्या पावतीवर तारखेचा शिक्का आहे का, ते काउंटर सोडण्यापूर्वी पाहावे.